बसून राहण्याची तीन मिनिटं

मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्या पेठेतल्या व्यायामशाळेत मोजून चार माणसं असतात. मी बार जमिनीवर ठेवते, हातावरचा खडू मांडीला पुसते आणि खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसते. पाच वेळा वजन उचलायला मला वीस सेकंदं लागलेली असतात. आता तीन मिनिटं काहीही करायचं नसतं. खाली रस्त्यावर शाळेच्या रिक्षा गोळा व्हायला लागलेल्या असतात, समोरच्या डेअरीचं शटर निम्मं वर गेलेलं असतं. मी बघत बसते. हृदय आधी कानाशी वाजतं, मग छातीत, मग ऐकू येईनासं होतं. घड्याळाचा काटा तिसरी फेरी पुरी करतो, मी उठते, पुन्हा पाच वेळा उचलते आणि पुन्हा येऊन बसते.

शनिवारी, चार किलोमीटरवरच्या क्लबमध्ये, हीच तीन मिनिटं वेगळी असतात. तिथे तीन मिनिटं म्हणजे एक राउंड. राउंडमध्ये थांबायचं नसतं, आणि मधल्या विश्रांतीला एकच मिनिट मिळतं. या दोन प्रकारच्या तीन मिनिटांमधलं नातं कळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं.

मी एकेचाळिसाव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं. क्लब म्हणजे शाळेच्या मैदानामागची पत्र्याची शेड. सिमेंटचा कोबा, पाच बॅगा, सैल पडलेल्या दोरांची एक रिंग. सर लष्करातून निवृत्त झालेले. वीस-बावीस पोरापोरींना शिकवतात आणि माझ्यासारखे तिघे-चौघे हौशी त्यांनी सामावून घेतलेत. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी वर्ग, शनिवारी सकाळी स्पारिंग. स्पर्धेत उतरायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला तीन राउंड नीट खेळता यायला हवे होते, म्हणजे तिसऱ्या राउंडलाही हात हनुवटीपर्यंत उचललेला असावा आणि पाय माझे माझ्या ताब्यात असावेत.

पहिल्या वर्षाअखेरीला ते जमत नव्हतं. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर दम तुटायचा. मग मी माझ्या बुद्धीने मंगळवार आणि गुरुवार आणखी मेहनतीला दिले. घरच्या गच्चीवर बर्पी, दोन-दोन किलोचे डंबेल हातात धरून हवेत ठोसे, आणि शेवटी तीनशे बैठका. बैठका माझ्या घरातल्याच. आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले. लहानपणी सुट्टीत गेलं की ते पहिला प्रश्न विचारायचे, "किती काढल्यास?" उत्तर आकड्यातच द्यायचं असे. पन्नास म्हटलं तर मान हलवायचे, शंभर म्हटलं तर भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या. मेहनत म्हणजे आकडा आणि आकडा म्हणजे जास्त, हे माझ्या अंगात तिथून आलं.

सहा आठवडे मी ते निष्ठेने केलं. दोरीवरच्या उड्यांमध्ये दोरी पायात अडकायला लागली, जी पूर्वी कधी अडकत नसे. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी बासष्टवरून सत्तरच्या आसपास गेली. रात्री अडीचला जाग यायची. डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक दुखणं येऊन बसलं. आणि जॅब! जॅब मारून हात परत येताना गालाशी येण्याऐवजी छातीशी यायचा, आणि त्या रिकाम्या जागेतून समोरच्याचा उजवा हात निवांत आत यायचा.

सर पॅड धरता धरता थांबले. म्हणाले, "ताई, तुमचा हात रिंगमध्ये येतानाच दमलेला असतो. तुम्ही मधल्या दिवशी काय करता?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दमवायचं काम माझं आहे. ते तुम्ही घरी कशाला करता?"

त्या वाक्याने मी हिशोबाला बसले. क्लबचा एक वर्ग म्हणजे तीन राउंड दोरी, तीन राउंड आरशासमोर, पाच-सहा राउंड बॅग, दोन राउंड पॅड, शेवटी पोटाचे व्यायाम. यात ठोसे किती होतात ते एकदा मोजून पाहिले, तर हजाराच्या घरात गेले. खांदा हजार वेळा हलका भार उचलतो, पोटरी हजार वेळा छोटी उडी मारते. शरीराला यातून मिळतं ते पुष्कळदा, थोडं थोडं. ज्याची एकदाही गाठ पडत नाही ते म्हणजे जड. असं जड, की जे पाच-सात वेळांहून जास्त उचलताच येणार नाही. मी गच्चीवर जे करत होते ते क्लबमध्ये आधीच पुरेसं होणारंच काम होतं, आणि तेही वाईट पद्धतीने.

डंबेल धरून मारलेल्या ठोशांचंच घ्या. बॉक्सिंग करणाऱ्या पुष्कळांना हा मोह होतो. पण डंबेलचं वजन हाताला खाली ओढतं, आणि ठोसा पुढे जायचा असतो. म्हणजे कष्ट पडतात ते हात वर धरून ठेवणाऱ्या खांद्याच्या स्नायूंना. पुढे ढकलण्याला विरोध होतच नाही. वर वेग कमी होतो, आणि शेवटी हातातलं वजन आवरण्यासाठी कोपर आधीच थांबवावं लागतं. शरीर तेच शिकतं, हळू जायला आणि पोचण्याआधी थांबायला. माझ्या कोपराचं दुखणं तिथलंच होतं. डंबेल गच्चीवरून खाली गेले आणि ते तीन आठवड्यांत गेलं.

बैठकांबद्दल मात्र मला आजोबांशी मनातल्या मनात बराच वेळ बोलावं लागलं. बैठक वाईट नाही. ज्याने कधी काढल्याच नाहीत त्याला पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी ताकदही येते. पण शंभर बैठका सहज निघू लागल्या की पुढच्या दोनशे दमाच्या असतात, ताकदीच्या नव्हेत. मांडीला स्वतःच्या वजनाची ओळख झालेली असते. त्याहून मोठं काही समोर आल्याशिवाय तिला बदलायचं कारण नसतं. आणि मग मला तालमीच्या कोपऱ्यातला नाल आठवला. मधोमध मूठ कोरलेला दगड. मुलींनी आत जायचं नसे, मी दारातून पाहायची. आजोबा नाल उचलायचे तेव्हा कोणी मोजत नसे. दोनदा, तीनदा, फार तर चारदा. मग ते भिंतीला टेकून कट्ट्यावर बसायचे, पंचाने मान पुसायचे, कोणाशी तरी ऊस आणि पावसाबद्दल बोलायचे आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उठायचे. मला आकडा लक्षात राहिला होता आणि कट्टा विसरला होता.

ठोसा पायातून येतो, हे क्लबमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. तो किती पायातून येतो याचं एक जुनं मोजमाप आहे. 1985 साली फिलिमोनोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोव्हिएत बॉक्सरांच्या सरळ ठोशाची फोड करून दाखवली. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये ठोशाचा साधारण 38 टक्के भाग मागच्या पायाच्या रेट्यातून येत होता, जवळजवळ तेवढाच धडाच्या फिरकीतून, आणि हातातून जेमतेम 24 टक्के. खालच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायाचा वाटा 16-17 टक्क्यांवर घसरला होता आणि हाताचा 38 वर चढला होता. हे आकडे वाचले त्या आठवड्यात मी क्लबमधल्या सतरा वर्षांच्या एका मुलीसाठी पॅड धरले. वजन पन्नास किलो, मनगटं काडीसारखी. तिचा उजवा हात पॅडवर आला तेव्हा मी पाऊल मागे टाकलं. तिच्या हातात काही नव्हतंच. मागच्या पायाचा चवडा कोब्यावर वळला, खुबा वळला, आणि हात त्या वळण्याच्या टोकाला नुसता बांधलेला होता.

दुसरी गोष्ट त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसायची. मारताना तिचा जबडा सैल असायचा. पाठीच्या कण्याच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे कॅनडातले संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2010 साली अव्वल मिश्र-युद्ध खेळाडूंच्या स्नायूंवर विद्युतपट्ट्या लावून एक वक्र मांडला. त्याला दोन शिखरं होती. ठोसा सुटताना स्नायू आवळतात, हात हवेतून जात असताना ते सैल पडतात, आणि मूठ लागते त्या क्षणी पुन्हा आवळतात. घट्ट, सैल, घट्ट. मधलं सैल पडणं नसेल तर हात स्वतःच्याच स्नायूंचा ब्रेक ओढत पुढे जातो. शेवटचं घट्ट होणं नसेल तर मूठ लागते पण मागे कोणी उभं नसतं. दमलेल्या माणसाचं पहिल्यांदा जातं ते हे मधलं सैल पडणं. मी गच्चीवर सहा आठवडे जे कमावलं होतं ते हेच, सतत अर्धवट आवळलेले खांदे.

व्यायामशाळेतल्या ट्रेनरने मला जे दिलं ते पाहून मी पहिल्या दिवशी खट्टू झाले होते. तो पंचविशीतला, कमी बोलणारा मुलगा. एका पाठकोऱ्या कागदावर त्याने मंगळवारच्या नावाखाली चार ओळी लिहिल्या आणि गुरुवारच्या नावाखाली पाच. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच, ताई. पाऊण तासात बाहेर."

मंगळवारची पहिली ओळ उड्यांची. उभ्या जागेवरून वर, तीन उड्या, मग थांबायचं; असं तीनदा. प्रत्येक उडीनंतर नीट उभं राहून पुढची. दुसरी ओळ डेडलिफ्टची, पण ट्रॅप बारने. हा बार षटकोनी असतो, आपण त्याच्या मधोमध उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंच्या मुठी धरून उठायचं. सरळ बार नडगीपुढे असतो आणि कमरेला वाकावं जास्त लागतं. इथे वजन शरीराच्या रेषेत राहतं, गुडघे आणि खुबे काम वाटून घेतात, आणि बॅगेवर सोमवारी आखडून गेलेल्या कमरेला मंगळवारी पुन्हा शिक्षा होत नाही. पाच वेळा, तीन सेट, मधे तीन मिनिटं. तिसरी ओळ एका हाताने डंबेल कमरेकडे ओढण्याची, चौथी मानेची.

चाळीस किलोपासून सुरुवात केली. बारसकट चाळीस. ते मला हलकं वाटलं आणि मी तसं म्हणाले. तो म्हणाला, "हलकं वाटायलाच पाहिजे. दर आठवड्याला अडीच किलो चढणार आहे, ते कुठून येईल?" प्रत्येक बाजूला सव्वा किलोची एक चकती. तेवढ्या लहान चकत्या तिथे नव्हत्या, सर्वांत लहान अडीचच्या. मी सव्वा किलोची एक जोडी विकत घेतली. माझ्या बॅगेत ग्लोव्हज, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या आणि त्या दोन चकत्या, असा संसार झाला.

त्याचा एकच नियम होता आणि तो मला पाळायला सर्वांत कठीण गेला. पाचवी रेप झाली की अंगात अजून दोन शिल्लक असायला हव्यात. दोन आहेत हे कसं ओळखायचं? मी सुरुवातीला चेहऱ्यावरून, श्वासावरून, किती नको वाटतंय यावरून ओळखायला पाहायची, आणि चुकायची. नको वाटणं काहीच सांगत नाही. बारचा वेग सांगतो. पहिली रेप जितक्या वेगाने वर आली, पाचवी त्याहून किंचितच हळू यावी. जी मधेच घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या वाटेवर अडखळली, ती शिल्लकीतून उचललेली रेप. तेव्हा थांबायचं, पाच झाल्या नसल्या तरी. शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेला सेट ताकद थोडीफार देतोही, पण त्याची वसुली पुढच्या दोन-तीन दिवसांतून होते, आणि माझ्या पुढच्या दिवसांवर सरांचा हक्क होता.

ती तीन मिनिटंही नियमातच येतात. एवढ्या छोट्या, जोरकस कामाला स्नायू आपल्याच आत साठवलेलं इंधन वापरतो, फॉस्फोक्रिएटिन नावाचं. ते काही सेकंदांत झपाट्याने उतरतं आणि तीन मिनिटांत बहुतेक भरून येतं. मिनिटभरातच पुन्हा बार धरला तर ते पुरतं भरलेलं नसतं. मग तोच बार जड लागतो, वजन कमी करावं लागतं, आणि ताकदीचा व्यायाम नकळत दमाचा होतो. घाम जास्त येतो आणि बरंही वाटतं. घाम यायला मात्र माझ्याकडे सोमवार, बुधवार आणि शनिवार होते.

बसणं मला शिकावं लागलं. पहिले काही आठवडे मी त्या तीन मिनिटांत हवेत ठोसे मारायची, पाय ताणायची, फोन काढायची. मग एकदा नुसती बसले. डेअरीवाला दुधाचे क्रेट एकावर एक रचत होता. तो प्रत्येक क्रेट उचलण्याआधी पाय जवळ आणायचा, क्रेट पोटाशी घ्यायचा, आणि दर चार क्रेटनंतर कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभा राहायचा. त्याला हे कोणी शिकवलं नसणार.

दहाव्या आठवड्यात साडेबासष्ट किलोवर मी अडकले. तिसऱ्या सेटमध्ये चौथ्या रेपला बार गुडघ्याखाली रेंगाळला आणि पाठीचा खालचा भाग गोल झाल्याचं मला आतूनच कळलं. मी पाचवी उचलणार होते. ट्रेनरने दुरून नुसता हात दाखवला. पुढचा आठवडा त्याने पन्नास किलो दिले, दोनच सेट. मला ते परत खाली उतरल्यासारखं वाटलं आणि मी बुधवारी क्लबमध्ये थोडी हिरमुसलेली गेले. बुधवारी पायांना मात्र काहीतरी झालं होतं. रिंगमध्ये बाजूला सरकताना मागचा पाय ओढला जात नव्हता, तो आधीच तिथे असायचा. दहा आठवड्यांत जमलेली ताकद थकव्याखाली झाकली गेली होती. एक आठवडा भार उतरल्यावर ती वर आली. बाराव्या आठवड्यात साठपासून पुन्हा धरलं आणि सोळाव्या आठवड्यात सत्तर किलो तीनदा, पाच-पाच वेळा, स्वच्छ उचलले. माझं स्वतःचं वजन एकसष्ट.

गुरुवार वेगळ्या स्वभावाचा. त्या दिवशी सुरुवातीला औषधी गोळा, ज्याला सगळे मेडिसिन बॉल म्हणतात. तीन किलोचा गोळा खुब्याशी धरून, भिंतीला आडवं उभं राहून, मागचा पाय वळवत भिंतीवर फेकायचा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, असे तीनदा. वजन तीनच किलो का, तर त्याहून जड गोळा फेकताना वळणं मंद होतं आणि हात ढकलायला लागतात. गोळा भिंतीवर आपटण्याचा आवाज ऐकत राहायचं. आवाज मऊ झाला की पुरे. मंगळवारी पायात जी ताकद येते तिला गुरुवारी वेगाने बाहेर पडायची सवय लावायची, एवढंच त्यामागचं कारण.

मग मागचा पाय बाकावर टेकवून एका पायाच्या बैठका, प्रत्येक पायाला सहा, कारण बॉक्सर कधीच दोन्ही पायांवर सारखा उभा नसतो आणि माझा डावा पाय उजव्याहून बराच अशक्त निघाला. मग एक टोक जमिनीच्या कोपऱ्यात रुतवलेला बार दुसऱ्या टोकाला धरून एका हाताने तिरका वर-पुढे ढकलायचा. खांद्याला सरळ डोक्यावर ढकलण्यापेक्षा ही वाट मानवते, आणि मागच्या पायापासून मुठीपर्यंतची रेषा तीच असते. मग वरून खाली ओढण्याचा व्यायाम. ओढणं दोन्ही दिवशी आणि ढकलणं एकच दिवस, हेही हिशोबाने. क्लबमध्ये हजार वेळा आपण पुढेच ढकलतो, छाती आखडते, खांदे पुढे गोल होतात. पाठीने त्यांना मागे धरून ठेवावं लागतं. हात परत गालाशी आणण्याचं कामही पाठच करते, हे मला जॅबने शिकवलंच होतं.

मानेबद्दल मी जपून बोलते. कपाळाला तळहात लावून दहा सेकंदं दाबायचं, मान हलू द्यायची नाही. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. एवढंच, दोन फेऱ्या. ठोसा येताना दिसला तर घट्ट मान डोक्याला धडाशी बांधून ठेवते आणि झटका थोडा कमी बसतो. न दिसलेल्या ठोशापुढे मान आवळायला वेळच मिळत नाही. आणि कवटीच्या आत मेंदू हलतो तो कुठल्याच व्यायामाने बांधून ठेवता येत नाही. म्हणून आम्ही हौशी लोक शनिवारी डोक्यावर हलकं खेळतो आणि ज्या दिवशी डोकं जड वाटलं त्या दिवशी ग्लोव्हज काढतो. मानेच्या व्यायामाने हा नियम सैल झालेला नाही.

वार निवडण्यात मी एकदा सपशेल चुकले. दिवाळीच्या आठवड्यात मंगळवार बुडाला, तेव्हा त्याची भरपाई शुक्रवारी संध्याकाळी केली. डेडलिफ्ट झाली छान. शनिवारी सकाळी रिंगमध्ये उतरले तर पाय चिखलात. दुखत नव्हते, पण मी सांगितल्यानंतर अर्ध्या क्षणाने ऐकत होते. समोरच्या मुलाचा जॅब मला प्रत्येक वेळी दिसला आणि प्रत्येक वेळी लागला. आता स्पारिंगच्या आधी जड पायकामाला निदान दोन रात्री सोडते. म्हणून गुरुवार हलका, म्हणून शुक्रवार मोकळा. आणि बुडालेला दिवस बुडू देते. एका आठवड्यात दोनाचा एक झाला तर कमावलेलं जात नाही.

दमाचं काय झालं, हे विचारायला हवं, कारण मी निघाले होते दम शोधायला. गुरुवारच्या शेवटी वीस मिनिटं सायकल असते, अशी की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. रविवारी तशाच चालीने टेकडीवर चाळीस मिनिटं. मला हे आधी वेळ घालवणं वाटायचं. पण हौशी बॉक्सिंगच्या तीन राउंडमध्ये लागणाऱ्या ऊर्जेचा माग काढणाऱ्या अभ्यासात असं दिसलं आहे की तिचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग शरीर श्वासातल्या प्राणवायूवरच चालवतं. ठोशांची सर फॉस्फोक्रिएटिनवर होते, आणि ते दोन सरींच्या मधे, पाय नाचवत फिरताना, प्राणवायूच भरून देतो. सावकाश सायकल ही त्या भरणाऱ्या हाताला बळ देण्यासाठी. मी एकच माप ठेवलं. तिसऱ्या राउंडनंतरच्या एका मिनिटात नाडी किती उतरते. आधी ती एकशे बहात्तरवरून एकशे पन्नासवर यायची. पाच महिन्यांनी तेवढ्याच मिनिटात एकशे चौतीसवर येऊ लागली. वर चढायची तेवढीच चढते. उतरायला शिकली.

ताकदीचा यातला वाटा मला वेगळा काढून दाखवता येतो. पूर्वी बाजूला टाकलेलं प्रत्येक पाऊल माझ्या मांडीला तिच्या कुवतीच्या बऱ्याच मोठ्या भागाएवढं पडायचं. मांडीची कुवत वाढली, पाऊल तेवढंच राहिलं, म्हणून ते स्वस्त झालं. तिसऱ्या राउंडला माझ्याकडे आता उरतं ते बहुधा या स्वस्ताईतून.

बाकी जे नाही झालं तेही तसंच आहे. माझा उजवा हात अजून त्या सतरा वर्षांच्या मुलीसारखा येत नाही. सत्तर किलो उचलणारे पाय मला मिळाले, पण ते नेमके कधी वळायचे हे बारला माहीत नाही. ते सरांच्या पॅडवरच शिकावं लागतं, हळू, अर्ध्या जोराने, हजारदा. जुने बॉक्सिंग कोच वजनांना भीत, ती भीती अगदीच निराधार नव्हती. वजनांच्या नादात पॅड सुटले तर माणूस खरंच जड होतो. इव्हँडर होलीफिल्ड 1988 मध्ये खालच्या वजनगटातून हेवीवेटमध्ये आला तेव्हा त्याने ताकदीसाठी वेगळे शिक्षक ठेवले, शरीरसौष्ठवातला विजेता ली हेनी त्यांतला एक. आणि 1990 मध्ये तो जगज्जेता झाला. पण त्याचे हात बॉक्सिंगच्या शिक्षकांकडेच होते, हे त्या गोष्टीत अनेकदा सांगायचं राहून जातं.

सरांना मी महिनाभर काही बोलले नाही. मग एका शनिवारी तिसरा राउंड संपला, मी कोपऱ्यात आले, आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे करताना माझ्या हातांकडे पाहिलं. हात हनुवटीपाशी होते, खाली घ्यायचे राहून गेले होते. "मंगळवारी आता काय करता?" त्यांनी विचारलं.

"पाच वेळा उचलते आणि बसते."

"किती वेळ?"

"एक राउंड."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि पुढच्या जोडीला आत बोलावलं.

आज मंगळवार. बारवर साडेबहात्तर आहेत, दोन्ही टोकांना माझ्या सव्वा किलोच्या चकत्या. पहिला सेट झाला. खिडकीखाली डेअरीवाल्याचे चार क्रेट झालेत आणि तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. पाऊस येईल असं त्यालाही वाटतंय बहुतेक. तो वर बघतोय. कानातला ठोका छातीत उतरला आहे. अजून दीड मिनिट आहे.